दर ओहमला किती आणि दर टक्क्याला किती?

व्होल्टेज डिव्हायडर तुम्हाला येतोच: वर R1, खाली R2, मधून आउटपुट.

```
V = Vin·R2/(R1+R2)
dV/dR2 = Vin·R1/(R1+R2)²
```

R2 छेदातही आहे हे विसरून Vin/(R1+R2) लिहिणारे भेटतात. R1 आणि R2 सारखे असले तर त्यांचं उत्तर बरोब्बर दुप्पट येतं. R2 एक टक्का वाढवून मूळ सूत्रात घाला, चूक लगेच दिसते. R1 साठी वर R1 च्या जागी R2 येतो आणि उत्तर उणे येतं, एवढंच.

खरा घोळ पुढे आहे. विकलन केलं, उत्तर व्होल्ट प्रति ओहम आलं आणि तीच 'संवेदनशीलता' म्हणून मोकळे झाले. समजा Vin ५ व्होल्ट, R1 १० किलोओहम, आणि R2 च्या जागी २५ अंश सेल्सिअसला १० किलोओहम असणारा एनटीसी थर्मिस्टर. इथे उतार ओहममागे ०.१२५ मिलिव्होल्ट. तापून थर्मिस्टर १ किलोओहमवर आला की उतार ०.४१ मिलिव्होल्ट होतो. मग कुणीतरी ठणकावून सांगतं, गरम असताना सेन्सर तिपटीने संवेदनशील असतो. साफ चूक!

कारण थर्मिस्टरचा रोध ओहमच्या हिशेबाने बदलत नाही, टक्क्यांच्या हिशेबाने बदलतो. १० किलोओहमचा एक टक्का १०० ओहम, म्हणजे १२.५ मिलिव्होल्ट. १ किलोओहमचा एक टक्का फक्त १० ओहम, म्हणजे जेमतेम ४ मिलिव्होल्ट. असा थर्मिस्टर २५ अंशांपाशी अंशामागे साधारण ४ टक्के बदलतो, तर नव्वदीच्या आसपास ३ टक्क्यांच्या जवळपास. म्हणजे अंशामागे २५ अंशांपाशी सुमारे ५० मिलिव्होल्ट, नव्वदीत १२. जिथे उतार तिप्पट, तिथे प्रत्यक्ष हालचाल चौपटीने कमी!

म्हणून मी उताराला नेहमी R2 ने गुणतो:

```
R2·dV/dR2 = Vin·R1·R2/(R1+R2)²
```

याचं उत्तर व्होल्टमध्ये येतं. शंभराने भागलं की एक टक्क्याचा परिणाम हातात. हे R1 = R2 असताना सर्वांत मोठं असतं, Vin/4. त्यामुळे ज्या तापमानाला मोजमाप बारीक हवं, तिथे थर्मिस्टरचा जो रोध असेल त्याच्या आसपासचा R1 घ्यावा. ८० अंशांचं पाणी मोजायचं असताना सवयीने १० किलोओहम लावणाऱ्यांचा मला राग येतो.

ओहममागचा उतार निरुपयोगी नाही. R2 सोबत जोडलेल्या लांब वायरचा रोध २ ओहम असेल, तर तो टक्क्यांत नसून ओहममध्येच आहे. तिथे नुसता उतार वापरा.

दोन्ही आकडे छोट्या बदलापुरतेच खरे. १० किलोओहम दहा टक्के वाढला तर विकलन १२५ मिलिव्होल्ट सांगतं, प्रत्यक्षात ११९ वाढतात; दहा टक्के घटला तर १३२ उतरतात.