विद्यार्थी माहितीपटाचं मूल्यमापन

शाळा-कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी गटाने बनवलेल्या डॉक्युमेंटरीला कथासूत्र, संशोधन, एडिटिंग, साउंड आणि टीमवर्क अशा पाच निकषांवर वेगवेगळे मार्क देण्याची पद्धत. प्रत्येक निकषाच्या तीन-चार पायऱ्या आणि प्रत्येक पायरीचं वर्णन एका तक्त्यात मांडलेलं असतं, त्या तक्त्याला रुब्रिक म्हणतात.

उगम : यावर एकमत नाही. काहीजण तो 1912 साली माइलो हिलेगस यांनी इंग्रजी निबंध मोजायला केलेल्या मापनपट्टीपर्यंत मागे नेतात. पण त्या पट्टीत शिक्षक समोरचा निबंध नमुन्याच्या निबंधांशी ताडून बघायचा आणि एकच आकडा द्यायचा, निकष सुटे केलेले नव्हते. त्यामुळे पॉल डीडरिश आणि सहकाऱ्यांचं 1961चं काम जास्त जवळचं पूर्वज वाटतं. त्यांनी 300 निबंध वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या 53 वाचकांकडून तपासून घेतले, श्रेणी एकूण नऊ होत्या, आणि सुमारे 94 टक्के निबंधांना त्यातल्या सात, आठ किंवा नऊच्या नऊ श्रेणी कुणाकडून ना कुणाकडून मिळाल्या! मग या मतभेदांचं विश्लेषण केल्यावर दिसलं की वाचकांचे साधारण पाच गट पडतात, कुणी विचारांना भाव देतो, कुणी मांडणीला, कुणी व्याकरणाला वगैरे. म्हणजे एकूण छाप बघून मार्क दिले तर परीक्षकाची आवडच मार्क देते, हे तिथे कळलं. पुढे हा सुटसुटीत तक्ता निबंधावरून व्हिडिओवर नक्की कधी आला ते सांगणं अवघड आहे, पण स्वस्त कॅमेरे आणि कॉम्प्युटरवरचं एडिटिंग शाळांत पोचल्यानंतर तो पसरला असं मानायला हरकत नाही.

निकषांचं वजन : इथे जरा भांडण आहे. अमेरिकेतल्या नॅशनल हिस्टरी डे या स्पर्धेत (सुरुवात 1974, क्लीव्हलंड) डॉक्युमेंटरीला दहा मिनिटांची मर्यादा असते आणि सोबत टिपांसह संदर्भसूची द्यावी लागते. तिथे पूर्वी ऐतिहासिक दर्जाला 60 टक्के वजन होतं, साधारण 2021च्या आसपास ते 80 झालं आणि सादरीकरणाच्या स्पष्टतेला 20 उरलं. फिल्म शिकवणारे लोक याला नाकं मुरडतात, पाचही निकषांना सारखे 20 द्या म्हणतात. खरं तर कोर्स कसला आहे त्यावर हे ठरावं. इतिहासाच्या वर्गात एडिटिंगला 20 मार्क म्हणजे ज्याच्या घरी चांगला लॅपटॉप आहे त्याला बक्षीस दिल्यासारखं होतं.

छाप एका निकषावरून दुसऱ्यावर सांडणं : खरी अडचण ही, वजन नव्हे. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 साली लष्करी अधिकाऱ्यांच्या मूल्यांकनात दाखवलं होतं की एका गुणाबद्दल मत चांगलं झालं की बाकीच्या गुणांचे आकडेही वर सरकतात. डॉक्युमेंटरीत हे साउंडमुळे सहज होतं. एरिन न्यूमन आणि नॉर्बर्ट श्वार्ट्स यांनी 2018 साली संशोधकांची तीच भाषणं आणि मुलाखती लोकांना चांगल्या आणि बिघडवलेल्या आवाजात ऐकवल्या, तर खराब आवाजात ऐकणाऱ्यांना ते संशोधनच कमी दर्जाचं वाटलं, शब्द सारखेच असून. म्हणजे पाच खाने वेगळे आखले तरी परीक्षक एकदाच बघून सगळे भरणार असेल तर खाने नावापुरतेच वेगळे.

त्यावर उपाय म्हणजे फिल्म अनेक फेऱ्यांत बघणं. एक उदाहरण घेऊ. समजा पुण्यातल्या पाच जणांच्या गटाने 12 जुलै 1961च्या पानशेत पुरावर दहा मिनिटांची फिल्म केली आहे.

पहिली फेरी सलग, फक्त कथासूत्रासाठी. सुरुवातीची दीड-दोन मिनिटं ड्रोन शॉट आणि 'पुणे हे विद्येचं माहेरघर' असं निवेदन असेल (असतंच बहुतेक) तर फिल्मचा प्रश्न काय आहे तेच कळत नाही. साधी कसोटी अशी की मधले दोन प्रसंग मनात अदलाबदल करून बघायचे, काहीच बिघडत नसेल तर ती माहितीची यादी आहे, कथा नाही. 'बांधकाम पूर्ण व्हायच्या आधीच धरणात पाणी का साठलं' असा प्रश्न धरला तर प्रसंगांना क्रम आपोआप लागतो.

दुसरी फेरी पडद्यावर नाही, कागदावर. गटाकडून निवेदनाची संहिता मागायची आणि प्रत्येक दाव्यासमोर स्रोत लिहायला लावायचा. या विषयात मृतांचा आकडा हीच परीक्षा आहे, कारण तो वेगवेगळ्या ठिकाणी वेगळा सापडतो, हजाराच्या आसपासचा बऱ्याचदा दिला जातो. ज्या गटाने एकच आकडा ठासून सांगितला त्याच्यापेक्षा 'अमुक ठिकाणी इतका, तमुक ठिकाणी इतका' असं म्हणणाऱ्याला जास्त मार्क. पूर पाहिलेल्या आजींची मुलाखत हा पाणी कुठवर चढलं, लोक कुठे पळाले याचा उत्तम पुरावा, पण धरण का फुटलं याचा नाही. तिथे चौकशीचे कागद किंवा त्या वेळची वर्तमानपत्रं लागतात. जुने फोटो दुसऱ्याच पुराचे तर नाहीत ना, हेही इथेच तपासायचं.

तिसरी फेरी आवाज बंद करून, एडिटिंगसाठी. ट्रान्झिशनची आतषबाजी मोजायची नाही, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून दृश्य कधी हटतं आणि कशावर जातं ते बघायचं. मुलाखत मध्येच कापून वर नदीचा शॉट टाकलेला असेल तर मूळ फुटेज मागवून तेवढा तुकडा ऐकावा, कारण दोन वेगळी वाक्यं जोडून माणसाच्या तोंडी तिसराच अर्थ घालता येतो. असं झालं असेल तर मार्क एडिटिंगचे नाही, संशोधनाचे कापावेत.

चौथी फेरी डोळे मिटून, हेडफोन लावून. मुलाखतीमागे पंखा किंवा रिक्षा, शब्दांवर चढलेलं संगीत, आवाज फाटणं, आणि दर कटला मागची शांतता बदलणं, हे सगळं लगेच कळतं. शेवटच्या दोषाचं कारण बहुतेक वेळा एकच, खोलीचा रिकामा आवाज अर्धा मिनिट वेगळा रेकॉर्ड केलेला नसतो. मोबाइल लांब ठेवून घेतलेली मुलाखत नंतर सॉफ्टवेअरने पूर्ण सुधारत नाही.

टीमवर्क : हे फिल्ममध्ये दिसतच नाही, त्यामुळे सहकाऱ्यांकडून गुण घेतात. गोल्डफिंच आणि रेसाइड यांनी 1990 साली सुचवलेल्या पद्धतीचं मूळ तत्त्व असं की गटाचा मार्क प्रत्येकाच्या वाट्यानुसार वरखाली करायचा. लफबरो विद्यापीठातली WebPA प्रणाली त्याच वाटेने जाते. सोपं रूप : प्रत्येकाने पाच जणांत 500 गुण वाटायचे, मग प्रत्येकाला मिळालेल्या गुणांची सरासरी काढायची. समजा ती 120, 110, 105, 95, 70 आली आणि फिल्मला 60 मार्क आहेत. निम्मे म्हणजे 30 सगळ्यांना सारखे, उरलेले 30 सरासरीच्या प्रमाणात, म्हणजे सरासरी 100 असेल तर पूर्ण 30. 120वाल्याला 30 अधिक 36, एकूण 66. 70वाल्याला 30 अधिक 21, एकूण 51. संपूर्ण 60 प्रमाणात वाटले तर त्यालाच 42 मिळतील, तेवढा विश्वास मित्रांच्या गुणांवर ठेवू नये.

यातही एक पक्षपात राहतो. एडिटिंग करणारा रात्रभर बसलेला सगळ्यांना दिसतो, लायब्ररीत जुने अंक चाळणारी दिसत नाही. म्हणून गुणांसोबत कोणी कधी काय केलं याची कामाची वही मागतात, आणि 70वाल्याला बोलावून त्याच्याच वाट्याच्या कामावर दोन प्रश्न विचारतात. उत्तरं नीट आली तर आकडा गटातल्या भांडणाचा असण्याची शक्यता जास्त.