एकाच जोडप्याचे दोन निकाल: पायथागोरियन आणि खाल्डियन नामांकांची पार्श्वभूमी

विवाह ठरवताना किंवा नाव बदलताना वधूवरांच्या नावांचे अंक काढणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो: एका पद्धतीने जोडी अनुकूल ठरते आणि दुसरीने त्याच नावांना हरकत घेतली जाते. दोन्ही पद्धतींत अक्षरांना दिलेली मूल्ये दोन वेगळ्या वर्णमालांतून आली आहेत, आणि हा फरक मुख्यतः तिथूनच येतो.

पायथागोरियन तक्ता रोमन वर्णमालेच्या क्रमावर उभा आहे. A ला 1 देऊन I पर्यंत 9 मोजायचे आणि J पासून पुन्हा 1 ने सुरुवात करायची. पायथागोरस इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला. त्याचे स्वतःचे लेखन उपलब्ध नाही आणि आजची इंग्रजी वर्णमाला तर त्याच्या काळी नव्हतीच. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत एल. डाउ बॅलिएट यांच्या लेखनातून नामांकांची ही पद्धत रूढ होत गेली. म्हणून येथे पायथागोरसचे नाव संख्यांविषयीच्या त्याच्या भूमिकेला वंदन म्हणून आहे, असे समजणे योग्य ठरते.

खाल्डियन तक्त्याचे मूळ अधिक रंजक आहे. खाल्डियन लोकांच्या बॅबिलोनियात कीलाकार लिपी होती, त्यामुळे रोमन अक्षरांचा हा तक्ता तिथून जसाच्या तसा येणे शक्य नव्हते. नावाला संख्या असते ही कल्पना मात्र मेसोपोटेमियात खरोखरच जुनी आहे: आठव्या शतकात (इ. स. पू.) असीरियाचा राजा दुसरा सार्गोन याने आपल्या नगराच्या तटाची लांबी 16,283 हात, म्हणजे आपल्या नावाच्या संख्येइतकी, ठेवल्याचे कोरून ठेवले आहे. आजचा तक्ता लोकप्रिय केला तो ‘किरो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विल्यम जॉन वॉर्नर (1866–1936) यांनी, 1926 मधील अंकांवरील पुस्तकातून. त्यातली मूल्ये हिब्रू अक्षरांशी जुळवून पाहिली की कोडे बऱ्याच अंशी सुटते. हिब्रूत रेश या अक्षराचे मूल्य 200. शून्ये काढली की 2 उरतात, म्हणून R ला 2. योदचे 10, म्हणून I, J आणि Y ला 1. या तक्त्यात 9 हा अंक कोणत्याच अक्षराला नाही. त्याचे कारण 9 पवित्र आहे असे सांगतात. पण हिब्रूत 9 आणि 90 ही मूल्ये तेत आणि त्सादे या अक्षरांची आहेत आणि रोमन तक्त्यात त्या दोघांच्या वाट्याला अक्षर आलेले नाही, हेही ध्यानात घ्यावे.

आता ROHAN आणि MEERA ही नावे घेऊ.

```
ROHAN  पायथागोरियन  9+6+8+1+5 = 29 → 11 → 2
       खाल्डियन      2+7+5+1+5 = 20 → 2
MEERA  पायथागोरियन  4+5+5+9+1 = 24 → 6
       खाल्डियन      4+5+5+2+1 = 17 → 8
```

A, B, C, D, E, J, K, L, M, N या दहा अक्षरांचे मूल्य दोन्हीकडे एकच आहे. म्हणून MEERA मध्ये सगळा फरक एकट्या R ने केला. रोमन क्रमात ते अठरावे, म्हणून 9, आणि रेशमुळे 2. ROHAN मध्ये तीन अक्षरे वेगळी असूनही नामांक 2 च आला, कारण बेरजांतला फरक नेमका 9 आहे आणि एकेरी अंक काढताना नऊचा फरक नाहीसा होतो. नामांक जुळला म्हणून पद्धती जुळल्या असा अर्थ येथे काढणे चूक ठरते.

पुढचा मतभेद अर्थाचा आहे. पायथागोरियन बाजूने 2 आणि 6 सहसा अनुकूल मानले जातात. शिवाय 11 ला मुख्य अंक मानून तो 2 पर्यंत न उतरवणारेही आहेत, म्हणजे याच पद्धतीत रोहनबाबत दोन मते होतात. खाल्डियन बाजूने 2 हा चंद्राचा व 8 हा शनीचा, आणि ही जोडी अनेकजण जड मानतात. पण किरो यांच्या पद्धतीत संयुक्त अंकालाही, म्हणजे एकेरी करण्याआधीच्या दोन अंकी बेरजेलाही, स्वतंत्र अर्थ असतो आणि 17 हा त्यांच्या मते शुभ अंक आहे. नुसता 8 पाहून मीराच्या नावावर ठपका ठेवणारा सल्लागार आपलीच पद्धत अर्धवट वापरत असतो. गंमत म्हणजे 2 आणि 8 हीच जोडी पायथागोरियन तक्त्यांत 2-4-8 या गटात, म्हणजे आपसांत मैत्री असलेल्या अंकांत, मोडते.

कोणते नाव मोजायचे यावरही दोहोंचे मत वेगळे आहे: पायथागोरियन परंपरा जन्माच्या वेळचे संपूर्ण नाव मोजते, तर खाल्डियन परंपरा रोज हाक मारले जाते ते नाव. शिवाय मूळ नाव देवनागरीत असेल तर रोमन स्पेलिंग आपणच निवडलेले असते. MEERA ऐवजी MIRA लिहिले तर पायथागोरियन नामांक 6 चा 5 होतो; खाल्डियन नामांक 8 च राहतो, पण 17 हा संयुक्त अंक आणि त्याचा शुभार्थ दोन्ही निघून जातात. म्हणून कोणी केवळ ‘जुळते’ किंवा ‘जुळत नाही’ एवढेच सांगितले, तर कोणता तक्ता वापरला, कोणते नाव आणि कोणते स्पेलिंग मोजले, आणि बेरीज कुठे थांबवली, हे प्रश्न आधी विचारावेत.