साहेबांची वेळ मागणारा मेल: तुमच्या वतीने आम्ही तो कसा लिहितो

मोठ्या कारखान्याच्या प्रमुखांची वेळ हवी असेल तर ती त्यांच्या एक्झिक्युटिव्ह असिस्टंट, म्हणजे ईए मॅडमकडे मागावी लागते. साहेबांचं कॅलेंडर त्याच सांभाळतात. हा मेल तुमच्या वतीने आमच्याकडून जातो. त्यात काय असतं आणि त्यासाठी तुमच्याकडून काय लागतं, ते इथे सांगतो.

समजा, तुम्ही भोसरीत प्लास्टिकचे क्रेट बनवता आणि चाकणच्या एका कारखान्याला पुठ्ठ्याच्या खोक्यांऐवजी ते द्यायचे आहेत. परचेसशी बोलणं झालं आहे, स्टोअर्सच्या मॅनेजरांनी नमुना पाहिला आहे. पण रिकामे क्रेट ठेवायला लाइनशेजारी जागा लागते, ते परत पाठवायला गाडी लागते. परचेस हे एकट्याने ठरवू शकत नाही. प्रॉडक्शन, स्टोअर्स आणि डिस्पॅच या तिघांच्या वतीने ‘हो’ म्हणू शकतात ते प्रमुखच. म्हणून आमचा तुम्हाला पहिला प्रश्न असतो: साहेबांनी नेमकं काय ठरवायचं आहे? ‘नुसती ओळख करून घ्यायची आहे’ असं उत्तर आलं तर आम्ही मेल पाठवत नाही, कारण ते काम परचेसमध्येच होतं.

मेल बहुतेक वेळा इंग्रजीत जातो. त्यातला मजकूर असा असतो:

विषय: क्रेटच्या चाचणीला मंजुरी, २० मिनिटं, १४ किंवा १६ जुलै

नमस्कार मॅडम,
क्रेट बनवणाऱ्या आमच्या ग्राहक कंपनीच्या वतीने लिहितो आहे. असेंब्लीच्या एका लाइनवर ६० क्रेटची चार आठवडे चाचणी घ्यायची का, एवढाच निर्णय साहेबांकडून हवा आहे. आपल्या स्टोअर्स मॅनेजरांनी नमुना पाहून साहेबांना भेटायला सुचवलं. ते सीसीमध्ये आहेत.
मंगळवार, १४ जुलै, दुपारी ३ ते ५ किंवा गुरुवार, १६ जुलै, सकाळी ११ ते १ यांतली कुठलीही २० मिनिटं चालतील. नाही जमलं तर पुढचा सोयीचा दिवस कळवावा. कंपनीचे मालक आणि डिझाइन पाहणारे असे दोघे येतील. एक पानाची माहिती जोडली आहे.
साहेबांऐवजी दुसऱ्या कुणाला भेटणं योग्य असेल तर तसं सांगावं.

यातलं सगळ्यात वजनदार वाक्य स्टोअर्स मॅनेजरांचं. मॅडम आधी त्यांनाच फोन लावून विचारतात, ‘हे खरंच भेटायला हवेत का?’ म्हणून मॅनेजरांना आधी विचारल्याशिवाय त्यांचं नाव घालायचं नाही. त्यांना काही माहीतच नसेल तर वेळ मिळत नाही आणि आतला तुमचा माणूसही दुखावतो.

एकच वेळ मागितली तर मॅडमना ‘नाही’ एवढंच कळवता येतं. दोन दिवसांतले दोन-दोन तास दिले की त्या दोन मीटिंगांच्या मधल्या फटीत तुम्हाला बसवू शकतात. मात्र दिलेले तास उत्तर येईपर्यंत तुम्ही खरोखर मोकळे ठेवायचे. आमच्याच एका ग्राहकाने तास दिले आणि त्याच दिवशी ते कोइमतूरला प्रदर्शनाला गेले. मॅडमनी वेळ पक्की केली होती. आम्हाला माफी मागावी लागली आणि पुढची वेळ मिळायला सहा आठवडे गेले. तेव्हापासून मेल पाठवण्याच्या दिवशी सकाळी आम्ही तुम्हाला फोन करून खात्री करतो.

महिनाअखेरीचे दिवस आम्ही मागत नाही, त्या दिवसांत सगळ्यांचं लक्ष डिस्पॅचवर असतं. साहेब जर्मनीच्या दौऱ्यावर असतील आणि व्हिडिओवर बोलायचं ठरलं, तर दोन्हीकडची वेळ लिहितो: उन्हाळ्यात आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतं, हिवाळ्यात साडेचार.

कॅलेंडरचं इन्व्हाइट आपण पाठवायचं नाही. वेळ पक्की झाली की मॅडम पाठवतात, आपण फक्त ते स्वीकारायचं. त्याच दिवशी गेटपाससाठी येणाऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, गाडीचा नंबर आणि लॅपटॉपचा सीरियल नंबर कळवतो. हे राहिलं तर तुमची २० मिनिटं गेटवरच संपतात.

तीन कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळी लिहितो. त्यात जुन्या तारखा काढून नव्या देतो. त्यानंतर एक फोन. थेट साहेबांना मेल किंवा व्हॉट्सअॅप तुम्हीही करू नका, तो फिरून मॅडमकडेच येतो. दिवाळीची भेटवस्तूही मॅडमना पाठवू नका. अनेक कंपन्यांत ती घ्यायला मनाई असते आणि परत करण्याचा अवघडलेपणा त्यांच्या वाट्याला येतो.

मेल हवा असेल तेव्हा आम्हाला चार गोष्टी पाठवा: हवा असलेला निर्णय एका वाक्यात, आतल्या माणसाचं नाव त्यांच्या होकारासह, पुढच्या दोन आठवड्यांतले तुमचे मोकळे तास आणि एक पानाची माहिती. मसुदा तुम्ही वाचून ‘ठीक’ म्हटल्यावरच तो जातो.