एक्स्पायरीचा बंद भाव आणि दुसऱ्या दिवशीचे पिव्होट

पिव्होटचं गणित संगणकाच्या आधीचं आहे. अमेरिकेतल्या सौदेबाजारात ओरडून व्यवहार करणारे ट्रेडर आदल्या दिवसाचा उच्चांक, नीचांक आणि बंद भाव मिळवायचे, तीनाने भागायचे आणि आलेला आकडा, म्हणजेच पिव्होट, दिवसभर जवळ ठेवायचे. दिवसभराच्या घासाघाशीनंतर बाजार ज्या भावावर थांबला तो त्याचा कौल, हे त्यामागचं गृहीतक. एक्स्पायरीच्या दिवशी, म्हणजे ऑप्शनचे करार संपतात त्या दिवशी, नेमकं हेच गृहीतक डळमळतं.

निफ्टीचे ऑप्शन एनएसईवर जून 2001 मध्ये आले. एक्स्पायरी महिन्यातून एकदा असायची, त्यामुळे वर्षातले बारा बंद भाव संशयास्पद ठरले तरी पिव्होट वापरणाऱ्याचं फारसं बिघडत नव्हतं. मे 2016 मध्ये बँक निफ्टीचे आणि फेब्रुवारी 2019 मध्ये निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन सुरू झाले. 2023 च्या अखेरीस तर सोमवार ते शुक्रवार रोज कुठल्या ना कुठल्या निर्देशांकाची एक्स्पायरी होती. अपवाद होता तो दिनक्रम झाला, पण चार्टवरची सूत्रं तीच राहिली.

आता हा बंद भाव येतो कुठून ते पाहू. निर्देशांकातल्या प्रत्येक शेअरचा अधिकृत बंद भाव म्हणजे दुपारी तीन ते साडेतीन या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी. त्या भावांवरून निर्देशांकाचा बंद काढतात आणि ऑप्शनचा शेवटचा हिशेब त्यावरच होतो. म्हणून 3:25 ला स्क्रीनवर निफ्टी वीस अंकांनी उसळला तरी सरासरी जेमतेम हलते, आणि प्रीमियम त्या उसळीला दाद देत नाही. जवळच्या स्ट्राइकचा कॉल स्पॉटच्या मानाने स्वस्त दिसतो, तो बहुतेकदा यामुळेच.

यातून दिवसाला दोन बंद भाव मिळतात, शेवटच्या टिकचा आणि सरासरीचा. दोन्ही घेऊन एक कल्पित उदाहरण सोडवतो. उच्चांक 24,860, नीचांक 24,610, शेवटची टिक 24,840 आणि अधिकृत बंद 24,790. टिक धरली तर पिव्होट 24,770 येतो, अधिकृत बंद धरला तर सुमारे 24,753. सतरा अंकांचा फरक सहन होईल. पण सीपीआर, म्हणजे पिव्होटभोवतीचा पट्टा, पाहा. उच्चांक-नीचांकाचा मध्य, म्हणजे 24,735, ही त्याची एक कड. दुसरी कड पिव्होटच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर. टिक धरल्यास पट्टा 70 अंकांचा होतो, अधिकृत बंद धरल्यास सुमारे 37 अंकांचा. त्याच दिवसाला एक जण ‘रुंद सीपीआर, उद्या बाजार रेंगाळणार’ म्हणेल आणि दुसरा ‘अरुंद सीपीआर, उद्या ट्रेंड’ म्हणेल.

पट्ट्याची रुंदी फक्त एका गोष्टीवर ठरते, बंद भाव दिवसाच्या मध्यापासून किती लांब आहे. आणि एक्स्पायरीला ओढाताण त्याच भावासाठी असते. हेजिंग करणाऱ्यांकडे स्ट्राइकजवळचे ऑप्शन विकत घेतलेले असले, तर ते वाढीत विकतात, घसरणीत घेतात, आणि भाव स्ट्राइकला चिकटतो. त्यांनी ते विकलेले असले तर उलट होतं: वाढीच्या मागे खरेदी, घसरणीच्या मागे विक्री. अशा धावपळीत भावाचा जोर मोजणारा आरएसआय सत्तरच्या वर गेला, तरी त्यामागे कोणाचंही बाजाराबद्दलचं मत असेलच असं नाही.

याचं सर्वात गाजलेलं प्रकरण 17 जानेवारी 2024 चं, बँक निफ्टीच्या एक्स्पायरीचं. 3 जुलै 2025 च्या अंतरिम आदेशात सेबीने आरोप केला की जेन स्ट्रीट समूहाने सकाळी सुमारे 4,370 कोटी रुपयांचे बँक शेअर आणि फ्युचर्स घेऊन निर्देशांक उचलून धरला, ऑप्शनमध्ये त्याहून कितीतरी मोठी मंदीची पोझिशन उभारली आणि 11:49 नंतर शेअर विकून टाकले. समूहाने आरोप नाकारले आहेत. त्यांचा निकाल काहीही लागो, सेबीची त्या दिवसाची आकडेवारी पुरेशी बोलकी आहे: तेवढ्याच जोखमीच्या रोख शेअर्सच्या रकमेत मोजलेली बँक निफ्टी ऑप्शनची उलाढाल त्यातल्या शेअर्सच्या उलाढालीच्या तीनशे पटींहून जास्त होती. अशा दिवशी सकाळच्या खरेदीवर उभा राहिलेला मूव्हिंग ॲव्हरेजचा क्रॉसओव्हर मागणी दाखवतो, असं मी तरी मानणार नाही.

नोव्हेंबर 2024 पासून सेबीने प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी ठेवायला लावली. सप्टेंबर 2025 पासून निफ्टीची मंगळवारी आणि सेन्सेक्सची गुरुवारी होते. सुटी आडवी आली नाही, तर निफ्टीचे बुधवारचे आणि सेन्सेक्सचे शुक्रवारचे पिव्होट तपासून घ्यायचे. डेटा देणारा कोणता बंद वापरतो हे कळायला एक्स्चेंजचा अधिकृत बंद आणि पाच मिनिटांच्या चार्टवरच्या शेवटच्या कँडलचा बंद शेजारी ठेवावेत. दोन्हींवरून काढलेल्या सीपीआरची रुंदी फारच वेगळी आली, तर त्या दिवसापुरता मी रुंदीचा अर्थ लावत नाही. उच्चांक आणि नीचांक मात्र पातळ्या म्हणून वापरतो, कारण बंद भाव कोणताही घेतला तरी ते बदलत नाहीत.