व्हिजिटिंग कार्डावरची ‘सी.ए.’ अक्षरे आणि त्यांच्या शेजारचे चिन्ह : नियमांमागची पार्श्वभूमी

सीताबर्डीवरच्या एका छपाईच्या दुकानात अलीकडेच एका तरुण सनदी लेखापालाच्या व्हिजिटिंग कार्डाचा कच्चा नमुना पाहायला मिळाला. वडिलांची धंतोलीतली जुनी फर्म, मुलगा तीन वर्षांपूर्वी सदस्य झालेला, आणि वडिलांच्याच कार्डावर नाव बदलून नवे कार्ड बेतलेले. डाव्या कोपऱ्यात ‘सी.ए.’ हे चिन्ह होते, पण संत्रानगरीला शोभावे म्हणून नारिंगी रंगात. नावाआधी ‘सी.ए.’, नावानंतर ‘बी.कॉम., एलएल.बी., एफ.सी.ए.’, त्याखाली ‘कर सल्लागार व जीएसटी तज्ज्ञ’, तळाशी ‘स्थापना 1987’ आणि मागच्या बाजूस फिकट छटेत गरुड. कार्ड देखणे होते, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक गोष्टी नियमात बसत नव्हत्या. त्या का बसत नाहीत हे समजायला थोडे मागे जावे लागते.

‘सनदी’ या मराठी शब्दातच या इतिहासाची एक गंमत दडलेली आहे. ब्रिटनमध्ये लेखापालांच्या संस्थांना खरोखरच राजाज्ञेची सनद मिळाली होती. एडिंबरोच्या संस्थेला 1854 मध्ये आणि इंग्लंड-वेल्सच्या संस्थेला 1880 मध्ये. भारतात तशी सनद कधीच नव्हती. 1932 च्या नियमांनुसार येथील लेखापरीक्षक ‘रजिस्टर्ड अकाउंटंट’ म्हणवले जात आणि नावापुढे ‘आर.ए.’ लावत. 1949 चा चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा 1 जुलै 1949 रोजी अमलात आला, ‘इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली आणि सनदेवाचूनच ‘चार्टर्ड’ हे नाव स्वीकारले गेले. राजाच्या कागदाची जागा कायदेमंडळाच्या कायद्याने घेतली. त्यामुळे ते नाव कोणी, कुठे आणि कशाबरोबर लावायचे हेही कायद्यालाच लिहून ठेवावे लागले.

त्या कायद्याने अक्षरांची वाटणी केली. असोसिएट सदस्याला ‘ए.सी.ए.’, फेलोला ‘एफ.सी.ए.’. फेलो होण्यासाठी साधारणपणे भारतात सलग पाच वर्षे व्यवसाय केलेला असावा लागतो, किंवा तेवढाच काळ सदस्यत्व आणि संस्थेने ठरवलेली पात्रता लागते. शिवाय रीतसर अर्ज करून फेलो म्हणून नाव नोंदवून घ्यावे लागते. म्हणजे हे अक्षर वयाने किंवा वडिलांकडून येत नाही. तीन वर्षांच्या सदस्याने ‘एफ.सी.ए.’ लिहिणे हा जुन्या कार्डावरून नवे कार्ड उतरवण्याचा परिणाम होता, फसवणुकीचा हेतू नव्हता. पण वाचणाऱ्याला तो फरक कळण्याचा मार्ग नसतो. नावाआधीचे ‘सी.ए.’ मात्र ठीक आहे, कारण संस्थेच्या परिषदेने हा उपसर्ग पुढे सर्व सदस्यांना, ते व्यवसायात असोत वा नोकरीत, खुला केला.

याच कायद्याचे कलम 7 म्हणते की ‘चार्टर्ड अकाउंटंट’ हे नाव लावणाऱ्या सदस्याने दुसरे वर्णन जोडू नये. अपवाद मान्यताप्राप्त लेखासंस्थेच्या सदस्यत्वाचा आणि स्वतःजवळ असलेल्या इतर पात्रतेचा. पहिल्या अनुसूचीच्या पहिल्या भागातील सातवा खंड तर व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड आणि फलक यांचा नाव घेऊन उल्लेख करतो, आणि कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाची पदवी लिहिण्यास मोकळीक देतो. या एका वाक्याने कार्डावरच्या दोन ओळी वेगवेगळ्या बाजूंना पडतात. नागपूर विद्यापीठाची ‘एलएल.बी.’ ही पदवी आहे, म्हणून ती लिहिता येते; त्याच कार्डावर ‘अॅडव्होकेट’ लिहिले असते तर चालले नसते, कारण वकिली करायची असेल तर त्या कामात सी.ए. हे नाव बाजूला ठेवावे लागते. ‘कर सल्लागार’ ही पदवी नाही आणि सदस्यत्वही नाही, ते वर्णन आहे. संस्थेच्या आचारसंहितेने करसल्लागार, व्यवस्थापन सल्लागार अशी बिरुदे कार्डावर नकोत असे स्पष्ट सांगितले आहे. ‘तज्ज्ञ’ या शब्दाने तर इतर सदस्यांपेक्षा वरचढ असल्याचा दावाच होतो. सामान्य माणसाला हे कडक वाटेल, कारण त्याला रिटर्न भरायचे असते आणि त्याच्या दृष्टीने ‘कर सल्लागार’ हाच उपयोगी शब्द असतो. मला यात नियमापेक्षा ग्राहकाची बाजू थोडी जड वाटते, पण नियम तसा आहे.

आता चिन्हाकडे. पूर्वी फर्मनी कागदपत्रांवर, फलकांवर वा कार्डांवर स्वतःचा कोणताही लोगो किंवा मोनोग्राम वापरणेच निषिद्ध होते. आकर्षक चिन्ह हीदेखील एक प्रकारची जाहिरात, असा त्यामागचा विचार होता. 2006 च्या दुरुस्तीने सातव्या खंडाला परंतुक जोडले आणि सेवांची माहिती देणाऱ्या मजकुराला वाट मिळाली; 2008 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी त्या मजकुराची चौकट आखली. त्यात अशिलांची नावे, शुल्क आणि प्रशस्तिपत्रे येऊ शकत नव्हती आणि अक्षरांचा आकार 14 पेक्षा मोठा नसावा असेही ठरले होते. याच काळात, 2007 मध्ये, सर्वांसाठी एकच सामाईक चिन्ह आले : निळी ‘सी.ए.’ अक्षरे आणि तपासनीसाच्या पेनाची हिरवी, उलटी टिकखूण. ज्यांना स्वतःचे चिन्ह वापरता येत नाही त्यांना मिळून एक चिन्ह, असा तो तोडगा होता. म्हणूनच ते नारिंगी करता येत नाही, आडवे ताणता येत नाही, त्यात फर्मची आद्याक्षरे गुंफता येत नाहीत. रंग बदलला की ते पुन्हा एका फर्मचे खासगी चिन्ह होते आणि जुनी मनाई लागू पडते. नोव्हेंबर 2023 मध्ये संस्थेने ‘सी.ए. इंडिया’ हे नवे, तिरंगी टिकखुणेचे चिन्ह आणले. छपाईच्या दुकानांतल्या कॉम्प्युटरवर मात्र जुनीच फाईल पडलेली असते, आणि कधी कधी तर मोबाइलवरच्या चित्रावरून पुन्हा रेखाटलेली. कडा किंचित गोलसर आणि टिकखुणेचा कोन चुकलेला दिसला की ते ओळखता येते. उपाय साधा आहे : फाईल छपाईवाल्याकडून घेऊ नये, संस्थेकडची अधिकृत प्रत त्याला द्यावी.

मागच्या बाजूचा गरुड ही वेगळी गोष्ट आहे. तो संस्थेच्या मुद्रेचा भाग आहे. कठोपनिषदातील ‘य एष सुप्तेषु जागर्ति’ या वचनासह ही मुद्रा स्थापनेच्या वेळी श्रीअरविंदांनी दिली, असे संस्था सांगते. मुद्रा संस्थेची, चिन्ह सदस्यांचे. गरुड छापल्यावर कार्ड फर्मचे न वाटता संस्थेच्या कार्यालयाचे वाटू लागते.

‘स्थापना 1987’ ही ओळ खोटी नव्हती, तरी ती काढावी लागली, कारण व्यवसाय कधी सुरू केला हे लेटरहेड वा कार्डावर लिहू नये असा दंडक आचारसंहितेच्या 2020 च्या आवृत्तीपर्यंत चालत आला. जाहिरातीचे नियम अलीकडे पुन्हा बदलत असल्याने छपाईपूर्वी चालू आवृत्ती पाहणे बरे. चूक झाल्यास सदस्याची चौकशी शिस्तपालन मंडळापुढे होते. 2006 च्या दुरुस्तीने पहिल्या अनुसूचीतील गैरवर्तनासाठी ताकीद, तीन महिन्यांपर्यंत नोंदवहीतून नाव कमी करणे किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद केली. जो सदस्यच नाही आणि तरी ही अक्षरे लावतो, त्याच्यासाठी फौजदारी कलम आहे.

त्या तरुणाच्या कार्डावर शेवटी चिन्ह, ‘सी.ए.’सह नाव, ‘बी.कॉम., एलएल.बी., ए.सी.ए.’, ‘चार्टर्ड अकाउंटंट’, फर्मचे नाव आणि पत्ता एवढेच उरले. मागची बाजू कोरी राहिली, म्हणून छपाईवाल्याने एका बाजूच्या छपाईचेच पैसे घेतले.