बल्ब नवा, तरी उजेड पिवळाच

देवगडला खाडीच्या काठी उघड्यावर उभ्या असणाऱ्या एका कारचे दोन्ही हेडलाइट मंद झाले होते. मालकाने नवे बल्ब टाकले, तरी फरक नाही. दोन्ही दिवे एकदम मंदावले की दोष बहुधा दोघांच्या सामाईक वाटेवर असतो. इथे इंडिकेटर लावला की हेडलाइटही त्याच्याच तालावर लुकलुकायचे. म्हणजे संशय सरळ अर्थिंगवर.

बल्बमधून गेलेला करंट गाडीच्या लोखंडी बॉडीतून बॅटरीकडे परततो. ज्या बोल्टखाली अर्थिंगच्या वायरची रिंग बसते, तिथे कोकणात खारं वारं मीठ आणून सोडतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं, आणि पावसाळ्यात ती त्याखाली क्वचितच येते. त्या खाऱ्या ओलीत तांब्या-पितळेची रिंग आणि पोलाद एकमेकांना टेकलेले असले, की पोलाद अधिकच झपाट्याने गंजतं. वरून बोल्ट घट्ट दिसतो; खाली गंजाचा थर.

इंजिन आणि दिवे चालू ठेवून मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १४.१ व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर ११.७. मधले २.४ गेले कुठे? मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं होल्डरच्या अर्थ पिनेला लावल्यावर १.७ दिसले. तिथे ०.२ च्या आत असायला हवेत. उरलेले ०.७ पॉझिटिव्हच्या बाजूला, कनेक्टरमध्ये खर्ची पडत होते. हे दिवे लावूनच मोजायचं, कारण करंट वाहत नसेल तर मीटर शून्यच दाखवणार. ओहमवर मोजण्यातही अर्थ नाही. दोष इथे ओहमच्या पाचव्या हिश्श्याइतका, आणि साध्या मीटरच्या वायरींचाच रोध तेवढा असतो.

व्होल्टेज १७ टक्केच घटलं, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. म्हणून तो जवळजवळ निम्म्यावर आला.

आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढला. मग बोल्ट खोलून रिंग आणि तिच्याखालची बॉडी पॉलिशपेपरने लखलखीत होईपर्यंत घासली, दातेरी वॉशर घालून आवळली, आणि मगच वरून व्हॅसलिन फासलं. होल्डरची एक पिन हिरवी पडून सैल झाली होती, प्लास्टिकही तपकिरी. पिनेतली पकड गेली की घासून उपयोग नसतो, म्हणून होल्डर नवा टाकला. वायर कापली तर आतलं तांबं काळं निघालं. खारं पाणी इन्सुलेशनखालून आत शिरतं. चकचकीत तांबं लागेपर्यंत ती मागे कापावी लागली. अशा वेळी काहीजण १०० वॉटचा बल्ब सुचवतात. तो अजिबात नको. करंट वाढला की तोच सांधा आणखी तापून होल्डर वितळतो.

शेवटी होल्डरवर १३.७ व्होल्ट आले आणि इंडिकेटरबरोबरचं लुकलुकणं थांबलं. उजव्या दिव्याची काच उन्हाने पिवळी पडली आहे, तिथला उजेड मात्र काच पॉलिश केल्याशिवाय पुरता सुधारणार नाही.