संध्याकाळी सातचा राग

डोक्याला जबर मार लागलेला माणूस दवाखान्यातून घरी येतो. टाके सुकलेले असतात, चालणं-बोलणं ठीक असतं. पण महिना-दीड महिन्यात घरचे डॉक्टरांना हळू आवाजात सांगतात, "हे पूर्वीचे राहिले नाहीत."

समजा, दुचाकीवरून पडलेले चाळिशीतले एक गृहस्थ. सकाळी ते शांत असतात, वीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी तपशिलानं सांगतात. संध्याकाळी सात वाजता टीव्ही चालू असतो, मुलगी फोनवर बोलत असते आणि बायको विचारते, "दुपारची गोळी घेतलीत ना?" हातातला पेला आपटून ते ओरडतात. गोळी घेतली की नाही, हे त्यांना आठवतच नसतं. दहा मिनिटांनी मात्र काही झालंच नाही, असे वागतात.

कवटीचा पुढचा तळ आतून खडबडीत असतो. मार बसला की मेंदू हिंदकळतो आणि कपाळामागचा व कानशिलाजवळचा भाग या हाडांवर आदळतो, घासतो. रागाला आवर घालण्याचं काम मुख्यतः कपाळामागच्या भागाचं. नव्या आठवणी साठवण्यात कानशिलाच्या आतल्या बाजूच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा वाटा असतो. म्हणून जुनं पाठ असतं आणि दुपारचं पुसलं जातं. शिवाय मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात, ते साध्या सीटी स्कॅनमध्ये बहुधा दिसत नाहीत. 'रिपोर्ट चांगला आहे, म्हणजे मुद्दाम करतोय' हा निष्कर्ष मला फार अन्यायकारक वाटतो.

जखमी मेंदूला साधं संभाषणही दमवतं. दिवसभराचा थकवा, दोन आवाज आणि न आठवणारा प्रश्न एकत्र आले की आवर सुटतो. स्वतःतला हा बदल पेशंटला अनेकदा जाणवतही नाही, त्यामुळे डॉक्टरांसमोर तो "मला काही त्रास नाही" असं मनापासून सांगतो.

म्हणून घरच्यांनी दोन आठवडे वही ठेवावी. राग कधी आला, त्याआधी काय चाललं होतं, रात्री झोप किती झाली, कोणतं औषध नवं सुरू झालं, एवढं लिहावं. या गृहस्थांच्या वहीत जवळजवळ सगळे प्रसंग संध्याकाळचे निघाले. दुपारी तासभर विश्रांती, सहानंतर टीव्ही बंद आणि घेतलेल्या गोळीवर खूण करायचा तक्ता, एवढ्यानं भडके कमी झाले. फिट येऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या लेव्हेटिरासेटम या औषधानंही काहींची चिडचिड वाढते. वहीमुळे तेही लक्षात येऊ शकतं. मात्र ते स्वतःहून बंद करू नये, फिट येऊ शकते.

काही महिन्यांनी समज परतते, आपण काय गमावलं ते कळतं, आणि नेमकी तेव्हा उदासी येऊ शकते. चिडचिड थांबून माणूस गप्प झाला, जेवण-झोप बिघडली, जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागला, तर 'आता शांत झालाय' म्हणून सोडून देऊ नये, लगेच डॉक्टरांना गाठावं.

वाढती डोकेदुखी, उलट्या, गुंगी, एका बाजूचा अशक्तपणा किंवा एकाएकी वाढलेला गोंधळ दिसला तर वही बाजूला ठेवून तातडीनं दवाखाना गाठावा. वयस्कर किंवा रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्या माणसांत मेंदूभोवती हळूहळू साचणारं रक्त कित्येक आठवड्यांनीही त्रास देऊ लागतं.